डोक्यापासून टोकापर्यंत: एम ३ स्क्रूचा कॅटलॉग फोटो, पंचवीस फ्रेममध्ये

अंबडच्या एका छोट्या कारखानदाराने मी पाठवलेला पहिला फोटो बघून फोनवर एवढंच विचारलं होतं, "डोकं झकास आलंय हो, पण आटे कुठे गेले?" स्क्रूच्या डोक्यावरची अधिक चिन्हाची खाच काचेसारखी स्वच्छ होती आणि त्यामागचा दांडा धुक्यात गेला होता. पुढच्या वेळी मी आट्यांवर फोकस धरला, तर डोकं गेलं. ज्याला स्क्रू विकायचा आहे त्याला खाचही दाखवायची असते आणि आटेही, कारण घेणारा दोन्ही बघूनच माल ठरवतो. हे दोन्ही एकाच फोटोत कसं आणायचं ते एका नेमक्या स्क्रूवर दाखवतो. एकदा हा जमला की मणी आणि बटणं याच वाटेने जातात.

आपला नमुना आहे एम ३ × १२, पॅन हेड, झिंक प्लेटिंग केलेला. दांडा ३ मिलिमीटर जाड आणि १२ मिलिमीटर लांब. डोकं साधारण ५.६ मिलिमीटर रुंद आणि २.४ मिलिमीटर उंच. म्हणजे सगळा मिळून साडेचौदा मिलिमीटरचा ऐवज. हे आकडे लक्षात राहू द्या, पुढचा सगळा हिशेब यांच्यावरच आहे.

छिद्र बारीक करून भागत नाही

नवा माणूस पहिल्यांदा लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, बारीक करून बघतो. एफ ८ वर आटे धूसर आले, मग एफ २२ वर नेऊ. मोठ्या वस्तूंना हे चालतं. पण स्क्रू सेन्सरवर निम्म्या आकारात पडेल इतकं जवळ गेलं की एफ २२ वरसुद्धा जेमतेम पाच मिलिमीटर खोली हाती लागते, आणि आपल्याला हवी आहे त्याच्या दुपटीहून जास्त. वर आणखी एक नुकसान होतं. इतक्या बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो आणि जिथे फोकस अचूक आहे तिथलीही धार मऊ पडते. आट्यांच्या कडा साबण लावल्यासारख्या दिसायला लागतात. नंतर कितीही शार्पनिंग केलं तरी ती धार परत येत नाही, नुसती दाणेदार होते.

म्हणून छिद्र एफ ८ वर ठेवायचं, म्हणजे लेन्स चांगली चालते. खोली मात्र एकाच फोटोतून मागायची नाही. डोक्याच्या थोडं पुढून सुरुवात करून फोकस जरा-जरा मागे सरकवत फोटो काढत जायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट पट्टा उचलून एकच चित्र जुळवायचं. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. जोडण्याचं काम संगणक करतो, पण त्याच्या हाती नीट माल द्यायचं काम आपलं. बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

किती जवळ जायचं, हे आधी ठरवा

मॅक्रो लेन्स हातात आली की प्रत्येकाला पूर्ण १:१ वर जाऊन बघावंसं वाटतं. कॅटलॉगसाठी त्याची गरज नाही, आणि तिथे जाणं महागात पडतं. मी वापरतो तो कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा. निम्म्या आकारावर, म्हणजे १:२ वर, त्याच्या चौकटीत साधारण ४७ मिलिमीटर रुंदीचा भाग मावतो. तिरका दिसणारा आपला स्क्रू त्यात जवळपास १,५०० पिक्सेल व्यापतो. छापील कॅटलॉगच्या ३०० डीपीआयला तो १२-१३ सेंटिमीटर मोठा छापता येईल. कुठला कॅटलॉग एवढा मोठा स्क्रू छापतो?

उलट १:१ वर गेलात तर प्रत्येक फ्रेममधला स्पष्ट पट्टा जवळपास एक तृतीयांश होतो आणि पंचवीसच्या जागी सत्तर-पंचाहत्तर फ्रेम काढाव्या लागतात. फ्रेम वाढल्या की त्यातली एखादी हलण्याची शक्यताही वाढते. फोटो किती मोठा छापणार ते गिऱ्हाइकाला आधी विचारा आणि तेवढंच जवळ जा.

१:२ साठी ९० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तर छिद्राची कडी असलेली जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि मध्ये २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब लावली की १:२ मिळतं. फक्त लेन्स वस्तूच्या फार जवळ येते आणि प्रकाश लावायला जागा कमी उरते.

मांडणी

खाली दुधी ॲक्रिलिकचा तुकडा घ्या. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, हातभर तुकडा पुरतो. पांढरा कागद वापरू नका. एवढ्या जवळून त्याचे तंतू दिसतात आणि स्टॅक केल्यावर ते आणखी उठून येतात.

स्क्रू ॲक्रिलिकवर आडवा ठेवा, डोकं तुमच्या बाजूला. कॅमेरा ट्रायपॉडवर, ४५ अंशांत खाली बघणारा. स्क्रूचं डोकं दांड्याहून रुंद असल्यामुळे तो थोडा कललेला राहतो आणि हात लागला की गोल फिरतो. म्हणून दांड्याखाली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, तांदळाच्या दाण्याएवढी चिकट पुट्टी लावून त्याला सरळ टेकवा. पोस्टर भिंतीला चिकटवायला जी रबरासारखी पुट्टी मिळते ती.

मेण लावू नका. मी ते मेच्या महिन्यात, हॅलोजनच्या दिव्याखाली, लावून बसलो होतो. एकेक फ्रेम बघताना सगळं ठीक वाटत होतं. जोडलेल्या चित्रात मात्र खाचेला दुहेरी कड आली, जणू एकावर एक दोन स्क्रू ठेवलेत. सॉफ्टवेअरला दोष देत दोन तास गेले. मग सगळ्या फ्रेम भरभर पुढे-मागे करून पाहिल्या तेव्हा दिसलं की मेण मऊ होऊन स्क्रू हळूहळू फिरत होता, शेवटच्या फ्रेमपर्यंत केसभरच. तेव्हापासून पुट्टीवर टेकवला तरी दहा मिनिटं त्याला तसाच बसू देतो आणि मगच सुरुवात करतो.

ठेवण्याआधी स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. कारखान्यातून आलेल्या मालावर तेलाचा पातळ थर असतो आणि आट्यांत धातूचा बारीक चुरा अडकलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, फोटोत दिसतो. पुसल्यावर हातमोजे किंवा चिमटा वापरा.

प्रकाश सगळीकडून मऊ हवा. ट्रेसिंग पेपरची नळी करून ती स्क्रूभोवती उभी करा, कॅमेऱ्यासाठी एका बाजूला खिडकी कापा आणि दोन्ही बाजूंनी एलईडी दिवे नळीवर पाडा. दिवा थेट स्क्रूवर पडू देऊ नका. प्लेटिंगवर सुईच्या टोकासारखे चमचमणारे ठिपके येतात, फोकस सरकला की ते फुगून गोल होतात आणि जोडताना सॉफ्टवेअर त्यांनाच तपशील समजतं. पांढऱ्यावर चकचकीत धातू ठेवला की त्याच्या कडाही हरवतात. त्यासाठी नळीच्या आत, स्क्रूच्या डाव्या-उजव्या बाजूला, चौकटीबाहेर राहतील अशा काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या उभ्या करा. धातूच्या कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि स्क्रू पांढऱ्यातून उठून येतो. ट्रेसिंग पेपरच्या खालोखाल फोटो सुधारतो तो या पट्ट्यांमुळे.

कागदाची पट्टी: सगळ्यात उपयोगाची गोष्ट

फोकस प्रत्येक वेळी किती सरकवायचा? पुस्तकी सूत्रं आहेत, पण त्यांची गरज पडत नाही. मिलिमीटरच्या खुणा असलेली कागदी पट्टी घ्या आणि स्क्रूच्या बाजूला, दीडेक सेंटिमीटर अंतर सोडून, ॲक्रिलिकवर सपाट चिकटवा. शून्याची खूण डोक्याच्या माथ्याशी समांतर. स्टीलची पट्टी नको, तिचं प्रतिबिंब स्क्रूवर पडतं.

कॅमेरा ४५ अंशांत खाली बघतोय, म्हणजे ही सपाट पट्टीही कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिरकी आहे. फोकसचा पट्टा तिच्यावर आडवा पडतो आणि तो कुठे आहे ते मिलिमीटरमध्ये वाचता येतं. एफ ८ वर एक फोटो काढा, पूर्ण मोठा करून बघा आणि खऱ्या अर्थाने तीक्ष्ण किती खुणा आहेत ते मोजा. १:२ वर साधारण सव्वा ते दीड मिलिमीटरचा पट्टा मिळतो. पाऊल त्याहून लहान हवं, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींवर थोड्या चढतात. म्हणून नियम सोपा: दर फ्रेमला पट्टीवरची पुढची एक मिलिमीटरची खूण.

आता सुरुवात कुठून करायची? इथे बहुतेक जण फसतात. डोक्याचा माथा शून्यावर आहे म्हणून शून्यापासून सुरुवात केली तर डोक्याची वरची कड धूसर राहते. ती कड ॲक्रिलिकपासून ५.६ मिलिमीटर उंच आहे, आणि ४५ अंशांतून बघताना तेवढं उंच असणं म्हणजे पट्टीवर तेवढंच तुमच्या बाजूला असणं. म्हणून सुरुवात शून्याच्या अलीकडे ८ मिलिमीटरवरून करायची, म्हणजे वरच्या कडेच्याही पुढे दोन फ्रेम मोकळ्या हवेत जातात. शेवट स्क्रूच्या टोकाच्या दोन मिलिमीटर पलीकडे, साधारण १६ च्या खुणेवर. उणे ८ ते १६, शून्य धरून पंचवीस फ्रेम.

पट्टी फोटोतच राहू द्या. शेवटी ती कापून टाकायचीच आहे, पण तोवर प्रत्येक फ्रेममध्ये फोकस कुठे होता याचा पुरावा तीच देते. एखादी खूण सुटली तर लगेच कळतं.

फ्रेम काढताना

कॅमेऱ्यातलं आपोआप होणारं सगळं बंद करा. एक्स्पोजर मॅन्युअल, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर, ऑटोफोकस बंद, स्टॅबिलायझेशन बंद. शटर सावकाश ठेवा, एक पंचमांश सेकंदाच्या आसपास. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर वेगवान ठेवलं तर एक फ्रेम उजळ आणि दुसरी काळवंडलेली येते, आणि जोडल्यावर स्क्रूवर फिकट-गडद पट्टे दिसतात.

सावकाश शटरचा शत्रू म्हणजे हादरा. माझ्या खोलीशेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस चालतं. प्रत्येक ठोक्याला टेबल हलतं, ते डोळ्याला दिसत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे फोकसला हात न लावता पाच फोटो काढायचे आणि पूर्ण मोठे करून एकमेकांशी ताडून बघायचे. एकातही आटे पुसटल्यासारखे दिसले तर ती वेळ कामाची नाही. मी प्रेसवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत काम उरकतो, पंचवीस फ्रेमना अर्धा तास भरपूर होतो. दुसरा मार्ग फ्लॅशचा, त्याची चमक इतकी क्षणिक असते की हादरा पकडलाच जात नाही. पण मग प्रत्येक वेळी फ्लॅश पूर्ण भरेपर्यंत थांबायला हवं, नाहीतर उजेड कमी-जास्त होतो.

लाइव्ह व्ह्यूमध्ये पट्टी मोठी करून बघा, फोकस रिंग फिरवून पुढची खूण तीक्ष्ण करा, हात काढा, दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्या. पुन्हा पुढची खूण. रिंग नेहमी एकाच दिशेने फिरवा. चुकून पुढे गेलात तर परत येऊन ती खूण पकडा, पण फ्रेमचा क्रम मोडू देऊ नका.

बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत हे काम आपोआप होतं. निकॉनमध्ये त्याला Focus shift shooting म्हणतात, कॅननमध्ये Focus bracketing. मात्र त्यातला पावलाचा आकडा मिलिमीटरमध्ये नसतो. तिथेही कागदाची पट्टीच कामाला येते: एकदा चालवून बघा, फोकस दर फ्रेमला किती खुणा सरकतो ते वाचा आणि आकडा त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी रेल या कामाला मी घेत नाही. कॅमेराच सरकला की बघण्याची जागा बदलते, पुढचा आटा मागच्यावर थोडा वेगळा चढतो आणि चकाकीही जागा सोडते. १:१ च्या पलीकडे गेलात तर रेल लागेल, १:२ वर रिंगच बरी.

जोडणी

रॉ फाइली एकाच सेटिंगने टीआयएफएफमध्ये काढा, शार्पनिंग शून्यावर. जोडायला हेलिकॉन फोकस आणि झिरीन स्टॅकर ही खास याच कामाची, विकतची सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉप असेल तर फाइली एका स्टॅकमध्ये आणून Auto-Align Layers आणि मग Auto-Blend Layers मधलं Stack Images वापरा. खर्च करायचा नसेल तर ह्युजिन या पॅनोरमा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या फुकट आज्ञा पुरतात:

```
align_image_stack -m -C -a jul_ IMG_*.tif
enfuse --exposure-weight=0 --saturation-weight=0 --contrast-weight=1 --hard-mask -o screw.tif jul_*.tif
```

पहिली ओळ फ्रेम एकमेकींवर बसवते. फोकस सरकला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, तो सारखा करायला `-m` आहे. ते विसरलात तर आट्यांना दुहेरी कडा येतील. `-C` सगळ्या फ्रेममध्ये असलेला भागच ठेवतं. दुसऱ्या ओळीत उजेड आणि रंग यांना शून्य वजन देऊन फक्त धारेला महत्त्व दिलं आहे, आणि `--hard-mask` मुळे प्रत्येक ठिपका सरासरीने न येता सगळ्यात तीक्ष्ण फ्रेममधून उचलला जातो.

तयार चित्र कसं तपासायचं

चित्र पूर्ण मोठं करा आणि डोक्यापासून टोकापर्यंत आटे एकेक करून बघत जा. या स्क्रूवर लागोपाठच्या दोन आट्यांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे चूक लपत नाही. तीन आटे तीक्ष्ण, एक मऊ, पुन्हा तीन तीक्ष्ण, असं दिसलं तर मध्ये एक खूण सुटली आहे. त्या एका फ्रेमसाठी मांडणी पुन्हा जशीच्या तशी जुळणं कठीण असतं, सरळ सगळ्या फ्रेम पुन्हा काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

पांढऱ्यात ठिपक्यांची छोटी ओळ, केंद्राकडून बाहेर जाणारी, दिसली तर ती वस्तूवरची धूळ नाही. सेन्सरवरचा एकच कण प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतो, पण फ्रेम लहान-मोठ्या करून बसवल्यामुळे त्याची माळ होते. सेन्सर साफ करून घ्या.

सगळ्यात हट्टी दोष डोक्याच्या मागच्या बाजूला सापडतो. डोकं दांड्यापेक्षा रुंद आहे. मागच्या आट्यांवर फोकस असताना धूसर झालेलं डोकं फुगून त्यांच्यावर पसरतं, त्यामुळे कडेला अगदी लागून असलेला आटा कुठल्याच फ्रेममध्ये स्वच्छ नसतो. जोडलेल्या चित्रात तिथे धुरकट किनार राहते आणि सॉफ्टवेअर बदलून ती जात नाही. दोन उपाय आहेत. छिद्र एफ ११ वर न्या, डोकं कमी फुगतं आणि धारही फारशी जात नाही. किंवा कॅमेरा थोडा बाजूला सरकवा, म्हणजे तो आटा डोक्याआडून बाहेर येतो. तरी उरलं तर सगळ्यात बरी फ्रेम वर ठेवून तेवढीच जागा हाताने रंगवावी लागते. आटा मनाने काढू नका. कॅटलॉग बघून माल मागवणारा आटे मोजतो.

मणी आणि बटणं

चार भोकांचं शर्टाचं बटण समोरून घेतलं तर त्याची खोली दोन-तीन मिलिमीटर, चार-पाच फ्रेममध्ये संपतं. तिरकं ठेवायचा हट्ट नसेल तर तसंच घ्या.

पंचवटीतल्या दुकानांतून मिळणारा रुद्राक्ष या कामाला फार चांगला. पृष्ठभाग खडबडीत आणि चमक नसलेला, त्यामुळे सॉफ्टवेअरला धार पटकन सापडते. गोल मण्याचा पुढचा अर्धाच भाग दिसतो, म्हणून अठरा मिलिमीटरच्या रुद्राक्षाला नऊ मिलिमीटर खोली पकडली की झालं. त्याच्या मागे फोकस नेऊ नका.

काचेचा पारदर्शक मणी मात्र या रीतीने नीट येत नाही. त्याचा पुढचा पृष्ठभाग, आतलं भोक आणि भोकाची मागची कड ही तिन्ही चौकटीत एकाच जागी दिसतात. प्रत्येक कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये तीक्ष्ण असते आणि सॉफ्टवेअर तिन्ही एकमेकांवर छापतं. चित्रात मण्याच्या आत तुटक्या रेघांचं जाळं दिसतं, मण्याला तडा गेल्यासारखं. तिथे मी फोकस मण्याच्या रुंदीच्या मध्यापर्यंत, म्हणजे बाहेरची गोल कड तीक्ष्ण होईपर्यंतच नेतो आणि भोकाची मागची कड धूसर राहू देतो. एवढं करूनही आत रेघा उरल्या तर त्या मण्याला एकच फ्रेम, एफ ११ वर, बाहेरच्या कडेवर फोकस धरून.